वरच्या मजल्याला जाड पाईप, खालच्याला बारीक

प्रश्न: नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ तळमजला अधिक एक मजला असं छोटं घर बांधतोय. वर एक बाथरूम, खाली एक बाथरूम आणि स्वयंपाकघर. गच्चीवर १००० लिटरची टाकी, तीन फुटी स्टँडवर. प्लंबर म्हणतो सगळीकडे पाऊण इंची सीपीव्हीसी टाकू. मेहुणे म्हणतात सव्वा इंची टाक, प्रेशर वाढेल. पाईप नक्की केवढा घ्यायचा?

उत्तर:

वरच्या बाथरूमला टाकीपासून स्वतंत्र एक इंची लाईन काढा. खालच्या मजल्याला टाकीतूनच दुसरी, पाऊण इंची लाईन द्या. बाथरूमच्या आत शॉवरपर्यंत पाऊण इंची न्या आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या हातभर तुकड्याला वापरा. लांबच्या मजल्याला बारीक पाईप आणि जवळच्याला जाड, हे ऐकायला उलटं वाटतं. तुमचा प्लंबर तर हसेलच. म्हणून हिशोब मांडून दाखवतो, तो त्याच्यासमोर ठेवा.

आधी मेहुण्यांचा मुद्दा. जाड पाईपने प्रेशर वाढत नाही. नळ बंद असताना नळापाशी जो दाब असतो तो फक्त टाकीच्या उंचीवर ठरतो, पाईप बोटाएवढा असो की मनगटाएवढा. नळ उघडून पाणी वाहायला लागलं की त्या दाबातला काही भाग घर्षणात जातो. जाड पाईप तो जाणारा भाग कमी करतो, एवढंच त्याचं काम. म्हणजे पहिला प्रश्न पाईपचा नाहीच, तुमच्याकडे खर्च करायला दाब किती आहे हा आहे.

तो मोजू, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर गच्ची तळमजल्याच्या फरशीपासून ६ मीटरवर येते. त्यावर तीन फुटी स्टँड, म्हणजे ०.९ मीटर, आणि टाकीचं आउटलेट तळापासून साधारण ०.१ मीटर वर. आउटलेट ७ मीटरवर आलं. वरच्या बाथरूमची फरशी ३ मीटरवर आणि शॉवर त्यापासून २ मीटर उंच, म्हणजे ५ मीटरवर. हाती आले २ मीटर. टाकी भरलेली असली की मीटरभर जास्त मिळतो, पण हिशोब नेहमी तळाला गेलेल्या टाकीवर करायचा. तक्रार सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर शेवटी जाणाऱ्याचीच असते.

२ मीटर म्हणजे ०.२ बार. साध्या गोल शॉवरला आंघोळीपुरती धार पडायला त्याच्यापाशी पाणी वाहत असताना निदान १ मीटर शिल्लक हवा, असं मी धरतो. म्हणजे टाकीपासून शॉवरपर्यंत सगळं मिळून १ मीटरच घालवायची मुभा आहे. खालच्या स्वयंपाकघरातला नळ १.१ मीटर उंचीवर असेल तर त्याच्याकडे ५.९ मीटर आहेत. तो श्रीमंत, वरचा शॉवर गरीब. पाईपचा साईज गरिबाकडे बघून ठरतो.

आता पाणी किती वाहणार ते. सगळ्या नळांची बेरीज करू नका. वर शॉवर ९ लिटर प्रति मिनिट, बादलीचा नळ १२, बेसिन ६, फ्लशची टाकी भरताना ६. खालीही बाथरूममध्ये तेवढेच ३३, शिवाय सिंक ८, वॉशिंग मशीन १० आणि अंगणातला नळ १२. एकूण ९६ लिटर होतात, पण हे सगळे एकाच वेळी कधीच उघडे नसतात. किती उघडे असतील हे ठरवायची एक प्रसिद्ध पद्धत आहे. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या रॉय हंटर यांनी १९४० साली ती मांडली. प्रत्येक नळाला काही युनिट द्यायचे, बेरीज करायची आणि आलेखावरून प्रवाह वाचायचा. ती शक्यतेच्या गणितावर उभी आहे, त्यामुळे नळ शेकड्यांनी असलेल्या इमारतीत छान चालते. दहा-अकरा नळांच्या घरात शक्यता कशाला काढायची? सकाळी सात वाजता कोण काय करतं हे घरातल्या आईला विचारा.

तुमच्या घरात ते बहुधा असं असेल: वर एक जण शॉवरखाली (९), तिथलाच फ्लश नुकताच ओढलेला (६), खाली बादली भरतेय (१२) आणि सिंकवर भांडी चालू (८). झाले ३५. मी ३६ धरतो, कारण त्याचे गुणाकार सोपे पडतात.

घर्षणासाठी हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरायचं:

```
h = 10.67 × L × Q^1.852 / (C^1.852 × d^4.87)
```

यात h आणि L मीटरमध्ये, Q घनमीटर प्रति सेकंद आणि d पाईपचा आतला व्यास मीटरमध्ये. C म्हणजे पाईप आतून किती गुळगुळीत आहे त्याचा आकडा, सीपीव्हीसीला तो १५० धरतात. इथे एक चूक फार होते. ‘पाऊण इंची’ हे नाव आहे, माप नाही. एसडीआर ११, म्हणजे पाईपच्या भिंतीची जाडी ठरवणारा वर्ग, त्यातल्या पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी आणि आतला जेमतेम १८. एक इंचीचा आतला सुमारे २३.४, सव्वा इंचीचा २८.५, आणि अर्धा इंची तर आतून १२.५ च्या आसपास. हिशोबात हेच आकडे घाला.

सूत्र रोज कोण मांडत बसतो? मी काही आकडे डोक्यात ठेवलेत. पाऊण इंचीतून मिनिटाला १२ लिटर गेले तर दर मीटर पाईपमागे ४.४ सेंटिमीटर दाब जातो, २४ लिटरला १६ आणि ३६ लिटरला ३४ सेंटिमीटर. एक इंचीत हेच १.२, ४.४ आणि ९.४ होतात. सव्वा इंचीत अर्धा, १.७ आणि ३.६. पाणी दुप्पट झालं की नुकसान साडेतीन पटींपेक्षा जास्त होतं. आणि पाऊणचा एक इंच केला तर तेवढ्याच पटीने ते कमी होतं. म्हणून एक इंचीतले २४ आणि पाऊण इंचीतले १२ दोघांचा आकडा एकच, ४.४. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

आता प्लंबरची मांडणी तपासू. टाकीतून एकच पाऊण इंची लाईन गच्चीवरून ७ मीटर जाते, मग बाथरूमच्या बाजूला खाली उतरते, आणि दुसरा फाटा स्वयंपाकघराकडे. एल्बो, टी, व्हॉल्व्ह यांचं नुकसान मी पाईपच्या लांबीत दीडपट करून धरतो, एका नव्वदच्या एल्बोला अर्धा-पाऊण मीटर पाईप सहज खर्ची पडतो. म्हणून ७ चे १०.५ मीटर. ३६ लिटरला ३४ सेंटिमीटर गुणिले १०.५, म्हणजे साडेतीन मीटर. आपल्याकडे होते दोन. हिशोब इथेच संपला. अजून खाली उतरणारी लाईन आणि बाथरूममधला अर्धा इंची बाकी आहे, ते धरले तर आकडा ५ मीटरच्या वर जातो.

पाच मीटर दाब तर नाहीच, मग प्रत्यक्षात होतं काय? पाणी आपसूक कमी होतं, पण सगळ्यांचं सारखं नाही. खालच्या नळाकडे उंचीचा जोर आहे, तो ओढत राहतो. वरचा शॉवर थेंबावर येतो, कधी पूर्ण थांबतो, कधी फाट्यातून हवा ओढून फुरफुरतो. खालून कुणीतरी बादली भरली की वरचा साबण लावलेला माणूस ओरडतो, ते हे.

प्लंबर खोटं बोलत नसतो, हे मात्र खरं. तो काम संपल्यावर एकेक नळ उघडून दाखवतो. एकटा शॉवर चालू असेल तर त्याच पाऊण इंची लाईनीत फक्त ९ लिटर वाहतात, सगळं नुकसान १.१ मीटरच्या आसपास येतं आणि शॉवर बऱ्यापैकी पडतो. तुम्ही खूश, तो पैसे घेऊन मोकळा. गंमत म्हणजे त्या १.१ मधला पाऊण मीटर एकट्या बाथरूममधल्या अर्धा इंचीने खाल्लेला असतो. तीन मीटरचा तो तुकडा, एल्बोसकट पाच धरा, ९ लिटरला मीटरमागे १५ सेंटिमीटर. तोच पाऊण इंची असता तर १३ सेंटिमीटरमध्ये भागलं असतं. भिंतीत चर खोदलेलीच आहे, फरक फक्त पाईपच्या किमतीचा.

मेहुण्यांची मांडणी चालते, हे प्रामाणिकपणे सांगतो. गच्चीवरून सव्वा इंची आणली तर ३८ सेंटिमीटर जातात, उतरत्या लाईनीत ९, शॉवरच्या पाऊण इंची फाट्यात १३. सव्वा मीटरपेक्षा जास्त उरतो. पण बाथरूमच्या आत प्लंबरने सवयीने अर्धा इंची घातला तर तोच उरलेला दाब पाऊण मीटरवर येतो, आणि बाहेरच्या जाड पाईपचे पैसे वाया जातात. गरम पाण्यालाही सव्वा इंची नेला तर आणखी एक त्रास आहे. गिझरपासून शॉवरपर्यंत ८ मीटर लाईन असेल तर तिच्यात पाच लिटर थंड पाणी अडकून राहतं, ते सोडून दिल्याशिवाय गरम येत नाही. पाऊण इंचीत हेच दोन लिटर.

आता मी सुचवलेली मांडणी. वरच्या बाथरूमच्या स्वतंत्र एक इंची लाईनीत शॉवर आणि फ्लश मिळून १५ लिटर वाहतात. एक इंचीत त्याला मीटरमागे १.९ सेंटिमीटर. गच्चीवरच्या १०.५ मीटरला २० सेंटिमीटर, उतरत्या तुकड्याचे ४ मीटर धरले तर ७, आणि शॉवरच्या फाट्याचे १३. एकूण ४० सेंटिमीटर. शॉवरपाशी १.६ मीटर उरला, सव्वा इंचीच्या सामाईक लाईनीपेक्षाही जास्त. शिवाय खाली कुणी काहीही उघडलं तरी वर त्याचा पत्ता लागत नाही, कारण दोन लाईनी टाकीच्या बाहेर कुठेच भेटत नाहीत.

खालच्या लाईनीत बादली आणि सिंक मिळून २० लिटर. पाऊण इंचीत त्याला मीटरमागे ११.४ सेंटिमीटर. गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत १४ मीटर, दीडपट केले की २१. नुकसान २.४ मीटर. आकडा मोठा वाटतो, पण सिंककडे ५.९ होते, साडेतीन उरले. भरपूर. वेग तपासला तर पाण्याची गती सेकंदाला १.३ मीटर येते. दोन मीटरच्या आत असली की पाईपचा आवाज सहसा त्रास देत नाही, म्हणून तिकडे फार लक्ष देऊ नका.

सामाईक लाईनीचा धडा मला एका घरातच मिळाला. गंगापूर रोडच्या बाजूचं काम होतं, नकाशा तुमच्यासारखाच, आणि सगळीकडे पाऊण इंची मीच टाकला होता. महिन्याभराने बोलावणं आलं, ‘वर पाणी येत नाही.’ मी गेलो तेव्हा शॉवर मस्त चालला होता. काकू म्हणाल्या, ‘आत्ता येतंय हो, सकाळी येऊन बघा.’ गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाईप मागवला, शॉवर काढून त्या जागी निपलला जोडला आणि न्हाणीच्या खिडकीतून बाहेर काढून वर बांधला. पाणी त्यात टाकीच्या पातळीपर्यंत चढून थांबलं, पेनने खूण केली. मग खाली बादलीचा नळ पूर्ण उघडायला लावला. लेव्हल पाईपमधलं पाणी डोळ्यांसमोर चार-साडेचार फूट खाली आलं. बादली घड्याळ लावून भरली तर तो नळ मिनिटाला १२ नाही, १८ लिटर ओढत होता. मी १२ धरून बसलो होतो, पण खालचा नळ जास्त दाबावर असतो आणि पूर्ण उघडला की तो माझं कोष्टक वाचत नाही. त्या दिवसापासून मी वरची लाईन वेगळी काढतो. त्या घरीही टाकीला दुसरं निपल मारून वेगळी लाईन टाकली, माझ्या खर्चाने.

वेगळी लाईन काढताना तीन-चार गोष्टी बघा. टाकीला दोन निपल हवेत, दोन्ही एक इंची. एकाच निपलवर टी मारून दोन लाईनी काढल्या तर त्या दोन अंगुळं तरी पुन्हा सामाईक होतात, आणि त्यात व्हॉल्व्ह असला की तेवढं पुरतं. व्हॉल्व्ह घेताना आतलं भोक बघा. स्वस्त बॉल व्हॉल्व्हवर एक इंच लिहिलेलं असतं आणि आतल्या गोळ्याचं छिद्र पाऊण इंचाचंही नसतं. बोट घालून पाहिलं तरी कळतं.

लाईन गच्चीवरून जाताना कठड्यावरून उडी मारून नेऊ नका. कमी दाबाच्या लाईनीत असा उंचवटा आला की तिथे हवा साठते. टाकी एकदा रिकामी होऊन भरली की पाणी येतच नाही किंवा गुरगुरत येतं, आणि मग सगळे पाईपच्या साईजला दोष देतात. कठड्याच्या तळाशी भोक पाडून लाईन सतत उतरती ठेवा. जिथे ती खाली वळते तिथे टी लावून अर्धा इंची हवेची नळी टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच न्या आणि वरचं तोंड खाली वाकवून जाळी लावा.

सोलर बसवायचा विचार असेल तर स्टँड आत्ताच ठरवा. साध्या सोलरच्या टाकीत थंड पाणी आपोआप उतरायला हवं, म्हणजे मोठी टाकी तिच्यापेक्षा वर लागते, आणि तीन फुटी स्टँड पुरणार नाही. स्टँड सात फुटांवर गेला तर वरच्या शॉवरला फुकटात आणखी १.२ मीटर मिळतो. मग वरचा हिशोब खूप सैल होतो, वेगळ्या लाईनीत पाऊण इंचीसुद्धा चालून जाते. पाईप जाड करण्यापेक्षा स्टँड वाढवणं कधी कधी स्वस्त पडतं, ते फॅब्रिकेटरला विचारून बघा. टाकी भरल्यावर एक टनाहून जास्त वजन वर जातं, त्यामुळे स्टँडचे पाय बीमवर किंवा कॉलमवर यायला हवेत, नुसत्या स्लॅबवर नाही.

मोठ्या छत्रीसारखा रेन शॉवर किंवा भिंतीतला चार नळ्यांचा डायव्हर्टर घ्यायचा असेल तर हे सगळं गणित विसरा. दोन मीटरवर ते चालत नाहीत, कुठल्याही पाईपने. डायव्हर्टरच्या आतल्या वाटाच इतक्या अरुंद असतात की एक-दीड मीटर तोच खातो. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो. दुकानात घेताना किमान किती दाब लागतो ते त्या वस्तूच्या पत्रकात वाचून घ्या.

महापालिकेच्या कनेक्शनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. ती लाईन जमिनीतली टाकी भरते, नळ चालवत नाही, म्हणून तिचा हिशोब वेगळा. माणशी १३५ लिटर धरून पाच जणांना ६७५ लिटर रोज. पाणी दीड तास येतं असं समजा, तर मिनिटाला साडेसात लिटर पुरतात. अर्धा इंची कनेक्शनला बऱ्यापैकी दाब असेल तर तेवढे येतात. तिथे जाड लाईन मागून उपयोग नाही.

आणि एक काम टाईल्स लावायच्या आधी करून घ्या. लाईन पूर्ण झाली की वरच्या शॉवरच्या निपलला लेव्हल पाईप जोडा, पातळीला खूण करा, मग खालचे दोन्ही नळ आणि वरचा फ्लश एकदम उघडा. पाणी वीतभर उतरलं तर ठीक. दोन हात उतरलं तर दोन लाईनी कुठेतरी सामाईक आहेत किंवा एखादा व्हॉल्व्ह अडवतोय. अशा वेळी आधी फ्लश बंद करून बघा, मग खालचे नळ एकेक. कुठला बंद केल्यावर पातळी वर चढते त्यावरून फाटा सापडतो. प्लंबर त्या वेळी तिथे हजर असू द्या, आणि त्याचं शेवटचं बिल त्यानंतरच चुकतं करा.